थोरलीने शोरूमला लिहिलेलं पत्र

माझ्या थोरल्या मुलीला मान वळवता येत नाही. हे मी तिच्या स्वभावाबद्दल सांगत नाही, जरी जावई तसंच म्हणतात. तयार कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर वाकून वाकून तिच्या मानेचे मणके गेले. डॉक्टरांनी ते पट्टी-स्क्रू लावून एकमेकांना जोडून टाकले. तेव्हापासून मागून हाक मारली की ती सगळीच्या सगळी वळते, कपाट फिरवावं तशी. आणि एवढं फिरून बघायला लागलं म्हणून हाक मारणाऱ्यावर आधीच वैतागलेली असते.

कारखाना सुटला तशी घरात बसली. बसली म्हणजे काय, डबे घासले, पडदे उसवून परत शिवले, मला दिवसातून दहा वेळा विचारलं की आई, तुला काही हवंय का. मला हवं होतं की तिने बाहेर जावं. गाडी तिला पूर्वीपासून येत होती. डॉक्टर म्हणाले, मोठे आरसे लावा, मागचं दाखवणारा कॅमेरा असलेली गाडी घ्या, आणि मग खुशाल चालवा. तशी गाडी घेतली. भाड्याचे परवाने-बिरवाने काढले आणि ती किडनीच्या पेशंटांना हॉस्पिटलात ने-आण करायला लागली. आठवड्यातून दोनदा-तीनदा ज्यांचं रक्त मशीनवर धुतात ना, ती माणसं. जाताना बोलतात, येताना त्यांच्यात बोलायचंही त्राण नसतं. मी पुढच्या सीटवर बसते. माझं काम काही नाही. जाताना बोलायचं आणि येताना गप्प बसायचं.

थोरलीची कामाची एक पद्धत आहे, ती आधी सांगून ठेवते. फोनमध्ये माणसाचं नाव घालायची जागा असते, तिथे ती नाव घालत नाही. तिथे सगळी कुंडली घालते. एक पेशंट तिच्या फोनात असे आहेत: ‘पिवळ्या बिल्डिंगचे काका दुसरा मजला लिफ्ट बंद असते डाव्या हाताला धरायचं नाही त्यात सुई टोचतात चाकाची खुर्ची डिकीत मुलगा फोन उचलत नाही सुनेला करणे येताना चक्कर येते पाच मिनिटं बसवून मग उठवणे.’ फोन गाडीला जोडलेला असतो. काकांचा फोन आला की हे सगळं गाडीच्या पडद्यावर सरकत जातं. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, आणि एका नजरेत तिला कळतं की कुणाला कुठे धरायचं. जावई म्हणाले होते, “याला नाव म्हणत नाहीत, याला निबंध म्हणतात.” ती म्हणाली, “तुम्ही कचेरीत जन्मभर काय लिहिलंत मग?”

जावई कचेरीतून निवृत्त झालेले. पत्रं लिहिणं हा त्यांचा धंदा. ‘उपरोक्त’ आणि ‘सदर’ हे दोन शब्द त्यांना श्वासासारखे लागतात. माणूस वाईट नाही. पण बायकोने मान अशी असताना गाडी चालवावी हे त्यांना पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही, आणि न पटलेली गोष्ट ते जेवताना बोलतात, म्हणजे समोरच्याचा घास अडकतो.

तर गाडी शोरूममध्ये सर्व्हिसिंगला दिली होती. तिथला गाड्या घेणारा-देणारा माणूस, त्याला आम्ही टायवाला म्हणतो, कारण उन्हातसुद्धा गळ्यात टाय, तो म्हणाला, “मॅडम, स्क्रीनचं नवीन सॉफ्टवेअर आलंय. अपडेट मारून देतो, फ्री आहे.” फुकट म्हटल्यावर कोण नको म्हणतं. पेनड्राइव्ह लावला, पट्टी भरत भरत गेली, पडदा उजळला. रंग छान होते. थोरली म्हणाली, अक्षरंही मोठी झाली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या आवारात काका मागे बसलेले, मी पुढे, आणि थोरलीने रिव्हर्स टाकला. पडद्यावर मागचा रस्ता दिसला, पिवळ्या-लाल रेघा आल्या, आणि दिवे जावेत तसा पडदा काळा झाला. मागे काही आलं की टूं-टूं वाजतं, तेही बंद, कारण ते त्याच पडद्याच्या पोटातून वाजतं. मग कंपनीचं चिन्ह आलं, गोल गोल फिरत बसलं. थोरलीने ब्रेक दाबला होताच. तेवढ्यात डिकीवर कुणीतरी धाडकन थाप मारली. मागून वॉर्डबॉय रिकामी चाकाची खुर्ची ढकलत चालला होता.

“दिसत नाही का?” तो खिडकीशी येऊन ओरडला.

“नाही दिसत,” थोरली म्हणाली. खरंच सांगत होती बिचारी.

रिकामी होती खुर्ची. पण पडदा घरी येईपर्यंत मरत होता आणि जिवंत होत होता. रेडिओ लागायचा, नकाशा यायचा, जरा वेळाने सगळं काळं, पुन्हा ते चिन्ह. एखाद्याला उचकी लागावी तसं.

मी घरी तोंड उघडलं नाही, पण काकांच्या सुनेने फोन करून जावयांना सांगितलंच. ते जेवायला बसले आणि म्हणाले, “आज रिकामी होती.”

एवढंच. मग वरण वाढून घेतलं.

थोरलीने गाडी टायवाल्याकडे नेली. गाडी आणि किल्ली तिथे ठेवली, आम्ही रिक्षाने घरी. संध्याकाळी त्याचा फोन, “मॅडम, दिवसभर चालू ठेवली होती, एकदाही बंद पडली नाही. घेऊन जा.” गेलो. कागदावर लिहिलं होतं, ‘दोष आढळला नाही.’ गेटच्या बाहेर पडून पहिल्या सिग्नलला पोचलो नाही तोच पडदा काळा. तशीच फिरून परत आत. टायवाला म्हणाला, “आत्ता तर चालू आहे.” चालूच होता तेव्हा, मेला. पुन्हा गाडी ठेवली, पुन्हा ‘दोष आढळला नाही’. तिने फोनवर शूटिंग काढून दाखवलं. त्याने ते पाहिलं आणि म्हणाला, “हे तुमच्याकडचं आहे. आमच्याकडे होत नाही.”

“म्हणजे मी घरी जाऊन बंद करते?”

“मी असं म्हटलं नाही, मॅडम.”

“मग काय म्हटलं?”

“लेडीज लोकांचा कधी कधी चुकून हात लागतो बटणावर.”

थोरली पूर्ण वळली त्याच्याकडे. खुर्चीसकट. मी तिच्या कोपराला धरलं. आजपर्यंत मी तिला कुणावर हात उचलताना पाहिलेलं नाही, आणि या वयात पाहायची हौस नव्हती.

कॅमेऱ्याशिवाय पेशंट न्यायचे नाहीत, हे तिनेच ठरवलं. कुणी सांगावं लागलं नाही. एकेकाला फोन करून सांगितलं, दुसरी सोय बघा. काकांनी विचारलं, “किती दिवस?” ती परत डबे घासायला लागली. मला परत विचारायला लागली, आई, तुला काही हवंय का. मला तर त्या प्रश्नाचीच धास्ती बसली. एकदा घरात बसली की या खेपेला ती उठणार नाही, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं. जावयांनाही दिसत होतं, आणि त्या दिवसांत ते फार गोड वागत होते.

एका सकाळी तेच म्हणाले, “अशा लोकांशी तोंडाने भांडून उपयोग नाही. लेखी द्यायला हवं. मी तक्रार लिहितो.”

थोरलीचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतक्या वर्षांत नवरा पहिल्यांदा गाडीच्या बाजूने बोलला होता. त्यांनी दुपारभर बसून दोन पानं लिहिली. मध्ये मध्ये मला वाचून दाखवत होते, ‘उपरोक्त विषयास अनुसरून सदर वाहनाच्या सदर पडद्याबाबत...’ मी मान डोलावत होते. शेवटच्या पानावर पेन्सिलने फुली मारून तिच्यासमोर ठेवलं. ती कणीक मळत होती. हात पुसले आणि फुलीवर सही केली. नवऱ्याच्या कागदावर ती अशीच सही करत आली आहे, बँकेचं असो, घराचं असो. वाचायची पद्धत आमच्यात नाही. वाचलं तर विश्वास नाही असं होतं ना.

चार-पाच दिवसांनी शोरूममधून फोन आला. गाडीत नव्हे, घरात, आणि थोरलीच्या हाताला साबण म्हणून तिने स्पीकर लावला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, तुमचं पत्र मिळालं. गाडी परत द्यायची म्हणताय ना? आमचा माणूस बघायला पाठवते. कधी सोयीचं पडेल?”

“कुणाची गाडी परत?”

“तुमचीच. पत्रात लिहिलंय तुम्ही. थांबा हं, वाचते. ‘सदर वाहन माझ्या शारीरिक स्थितीस अनुरूप नसल्याने व मी वाहन चालविणे कायमचे बंद करीत असल्याने आपण ते परत घ्यावे.’ खाली सही आहे.”

थोरलीने नळ बंद केला. जावई बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, पण पान उलटायचा आवाज थांबला होता.

“मी ते पत्र मागे घेते,” ती फोनवर म्हणाली. “दुसरं पाठवते.” आणि बाहेर गेली.

भांडण मी स्वयंपाकघरातून ऐकलं. मला कमी ऐकू येतं असं मी लोकांना सांगते, त्याचा असा फायदा असतो.

“सही माझी आहे,” ती म्हणाली.

“मग? तुझ्या भल्यासाठी केलं.”

“माझं भलं मला दाखवून करायचं होतं.”

“दाखवलं असतं तर केली असतीस सही?”

“नाही.”

“मग झालं तर.”

“मी बंद करत असल्याने. कायमचे. माझ्या नावाने लिहिलंत तुम्ही.”

“रिकामी होती म्हणून बोलतेयस. खुर्चीत माणूस असता तर? कोर्टात मी उभा राहिलो असतो, तुझी आई नाही.”

मला उगाच मध्ये ओढलं. थोरली म्हणाली, “खुर्चीत माणूस असता तर मी आयुष्यभर झोपले नसते. म्हणून तर गाडी उभी केली. कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझी मी. पण पडदा त्यांनी बिघडवलाय, मान नाही बिघडली नव्याने. तुम्ही दोन्हीची गाठ मारून मला घरात बांधताय.”

“घर म्हणजे काय तुरुंग आहे?”

ती आत येऊन कोरे कागद शोधायला लागली. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

मग ती जेवणाच्या टेबलावर लिहायला बसली. जावयांच्या पत्राची घरात ठेवलेली प्रत शेजारी होती, ती तिने पालथी घातली. मला म्हणाली, “आई, कसं सुरू करू?” मी चौथीत शाळा सोडलेली बाई. म्हटलं, “आधी शिव्या लिहून काढ दुसऱ्या कागदावर. मग त्या कागदाचं काही करू नकोस.” तिने तसं केलं. पानभर झालं. ‘टायवाला मेला’ हे तीन ठिकाणी होतं. ते फाडलं, आणि मग जे लिहिलं ते मला अजून जवळजवळ पाठ आहे.

‘मॅनेजरबाईंना नमस्कार. आधीचं पत्र माझ्या सहीचं आहे पण माझं नाही, ते रद्द समजावं. माझी गाडी मला हवी आहे. तुमच्याकडे अपडेट करायच्या आधी पडदा एकदाही बंद पडला नव्हता. अपडेटनंतर मी गाडी चालवते तेव्हा तो पुन्हा पुन्हा बंद होऊन चालू होतो आणि त्या वेळात मागचा कॅमेरा दिसत नाही, इशाराही वाजत नाही. माझी मान वळत नाही. मी आजारी माणसं नेते. तुमच्याकडे दिवसभर उभी ठेवली की दोष आढळत नाही, पण मी गाडी दिवसभर उभी ठेवत नाही. तेव्हा तुमचा माणूस माझ्या गाडीत बसवा, मी रोज जशी निघते तशी, रोजच्या सामानासकट, रोजच्या रस्त्याने. त्याच्यासमोर बंद पडला तर तसं लिहून द्या आणि दुरुस्त करा. नाही पडला तर मी खोटी, तसं मी लिहून देईन. हात लागतो असं पुन्हा कुणी म्हणू नये.’

जावयांनी ते टेबलावर पाहिलं. “हे पत्र नाही,” ते म्हणाले. “यात विषय नाही, संदर्भ नाही.”

“गाडी परत घ्या असं पण नाही,” ती म्हणाली, आणि स्वतः जाऊन पोच घेऊन आली.

मॅनेजरबाईंनी बोलावलं. माणूस बसवला तो टायवालाच, आणि बरोबर लॅपटॉप घेऊन एक कारागीर, जो फक्त पडदे बघतो. तो मागे बसला, टायवाला पुढे माझ्या जागेवर. मला मागे जावं लागलं, हे मी अजून विसरलेले नाही. लॅपटॉपची वायर गाडीला लावली. थोरलीने फोन तिच्या रोजच्या जागी ठेवला, कपाटात मूर्ती ठेवावी तसा, आणि निघाली. टायवाल्याने हातावर हात ठेवून घेतले होते, म्हणजे त्याचा हात लागला असं कुणी म्हणू नये.

सिग्नलच्या अलीकडे पडदा काळा झाला.

चिन्ह फिरलं, पडदा आला. वळणावर परत गेला. थोरलीने गाडी कडेला घेतली आणि रिव्हर्स टाकून दाखवला. काळं. टायवाला खिडकीतून बाहेर बघत होता, जसं काही बाहेर फार बघण्यासारखं होतं.

मागचा कारागीर लॅपटॉपवर खाली-वर करत म्हणाला, “प्रत्येक वेळी एकाच जागी पडतोय. फोन जोडला जातो, पडदा फोनमधली नावं उतरवून घ्यायला लागतो, आणि तिथेच कोसळतो. चालू झाला की फोन पुन्हा जोडतो, पुन्हा नावं, पुन्हा कोसळतो.”

त्यासरशी टायवाल्याला जीव आला. “म्हणजे फोन. बघा मॅडम, मी म्हणत होतो ना, तुमच्याकडचं आहे. फोनचा दोष.” तिथल्या तिथे त्याने तिच्या फोनची जोडणी तोडून स्वतःचा जोडला. शोरूमपर्यंत परत येईतो पडदा एकदाही बंद पडला नाही. गाणीसुद्धा लावली त्याने. गेटमधून आत शिरताना कारागिराला म्हणाला, “लिहून टाक. ग्राहकाचा फोन सदोष.”

म्हणून गाडी तिथे उभी केली की बरी असायची. फोन तर आमच्याबरोबर रिक्षात घरी जायचा.

थोरली काउंटरपाशी उभी राहिली. मला वाटलं संपलं. तोंड तिचं पार उतरलं होतं. टायवाला पेन काढत होता. ती कारागिराला म्हणाली, “फोन जोडताना पडतो की नावं घेताना?”

“नावं घेताना.”

“मग फोन वाईट की नावं?”

कारागीर म्हणाला, “ते असं सांगता नाही येणार.”

“माझं एक नाव यांच्या फोनात घाला,” तिने टायवाल्याकडे बोट केलं. “आणि माझी गाडी नको. ती घ्या.” शोरूमच्या मध्यभागी चकचकीत गाडी ठेवली होती, लोकांना बसून बघायला. आत एक जोडपं बसलं होतं, बाई पडद्यावर बोट फिरवत होती. “त्यात पण हेच अपडेट आहे ना?”

“त्यात लेटेस्टच असणार,” टायवाला म्हणाला. “पण मॅडम, हे काही...”

“घाबरता का? माझ्या फोनचा दोष आहे ना?”

मॅनेजरबाई तोवर आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आल्या होत्या. हातात थोरलीचं पत्र. त्या टायवाल्याला म्हणाल्या, “घाल.”

थोरली जरा थबकली. पेशंटांची माहिती ती अशी कुणालाही देत नाही. तिने फोनात वर-खाली केलं आणि एकच नाव पाठवलं. टायवाल्याच्या फोनवर ते आलं. त्याने वाचायला सुरुवात केली, आणि त्याला सवयच मोठ्याने वाचायची.

“‘आई घरी असते फोन उचलायला वेळ लागतो ठेवू नये ऐकू येत नाही म्हणते पण सगळं येतं रागावली तर आधी चहा विचारणे दुपारची गोळी टाळते समोर बसून घ्यायला लावणे गुडघा उजवा गाडीत चढताना डावा पाय आधी एकटी आहे असं म्हणाली तर काम सोडून घरी जाणे.’”

सगळ्या शोरूमने ऐकलं. त्या जोडप्याने दार उघडं ठेवूनच ऐकलं. मी समोरच्या टायरकडे बघत उभी राहिले. टायर चांगले होते.

“सेव्ह करा,” थोरली म्हणाली. कान लाल झाले होते तिचे, पण आवाज होता तसाच.

टायवाल्याने सेव्ह केलं, गाडीत वाकून फोन जोडला. पडद्यावर त्याच्या फोनचं नाव आलं. नावं उतरवत असल्याची खूण फिरली. आम्ही सगळे बघत होतो. मग चकचकीत गाडीचा चकचकीत पडदा काळा झाला, आणि कंपनीचं चिन्ह गोल गोल फिरायला लागलं.

आतल्या बाईने बोट काढून घेतलं. “मी काही केलं नाही,” ती म्हणाली.

“हात लागला असेल,” थोरली टायवाल्याकडे बघत म्हणाली.

कारागिराने मग सांगितलं, मॅनेजरबाईंना, आम्हाला नव्हे, की नव्या सॉफ्टवेअरने नावासाठी जागा आखडती ठेवलेली दिसते, त्याहून लांब नाव आलं की सांभाळता येत नाही, सगळंच बंद पडून पुन्हा सुरू होतं. जुन्यात हे होत नव्हतं. मॅनेजरबाई म्हणाल्या, “इतकी लांब नावं कुणी ठेवतं का पण?”

“मी ठेवते,” थोरली म्हणाली. “तुम्ही अपडेट मारायच्या आधीपासून ठेवते.”

“छोटी केली तर लगेच प्रश्न सुटेल.”

“आणि डावा हात कुणी धरला तर?”

मॅनेजरबाईंना ते कळलं नाही, आणि थोरलीने समजावलं नाही. त्यांनी कागदावर लिहून दिलं की दोष अपडेटमधला आहे, कंपनीला कळवला आहे, ग्राहकाचा संबंध नाही. जुनं सॉफ्टवेअर परत घालता येत नाही म्हणाल्या, पुढची दुरुस्ती कंपनीकडून यायची. तोवर गाडीला फोनमधली नावं द्यायचीच नाहीत, एवढी एक खूण फोनात बंद करून ठेवली की पडदा चालेल आणि कॅमेराही. कारागिराने ती बंद करून दिली. थोरलीने तिथेच आवारात दहा-बारा वेळा गाडी पुढे-मागे केली. टायवाला दारात उभा होता. तिने त्याला नमस्कार केला नाही, त्यानेही केला नाही. एकमेकांना ते दोघे अजून आवडत नाहीत, आणि मला वाटतं तेच बरं आहे.

कागद घरी आणला तेव्हा जावयांनी तो वाचला, मग उलटून मागची कोरी बाजूही वाचली. “यावर आवक क्रमांक नाही,” म्हणाले. बाकी काही नाही. ती दुसऱ्या दिवशी पहाटे काकांना न्यायला निघाली. किल्ली खुंटीवर होती, कुणी लपवली नव्हती. पण डबा मात्र तिचा तिनेच भरला, आणि त्यांच्यासाठी चहा टाकला नाही. बरेच दिवस टाकला नाही.

तेवढ्या काळात गाडीत फोन आला की नुसता आकडा दिसायचा. कोण ते कळायचं नाही. तिचा फोन मी हातात धरून बसायचे, आणि वाजला की वाचून सांगायचे. मी अक्षर अक्षर लावून वाचते. ‘पिवळ्या... बिल्डिंगचे... काका...’ इथपर्यंत यायचे तोवर काकांनी कंटाळून फोन ठेवलेला असायचा. थोरली म्हणायची, “आई, तुझं पण सॉफ्टवेअर जुनंच बरं होतं.” पण तिच्या फोनात माझ्याबद्दल काय लिहिलंय, त्यावर आम्ही दोघी बोललो नाही. दुपारची गोळी मात्र मी न सांगता घ्यायला लागले. समोर येऊन बसते ना ती, मला अवघडल्यासारखं होतं.

मग शोरूममधून फोन आला, दुरुस्ती आली आहे. नवीन अपडेट. हे ऐकून आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, साप चावलेल्या घरात कुणी दोरी घेऊन यावं तसं. पण गेलो. कारागिराने घातलं. फोनमधली ती खूण परत चालू केली, नावं उतरली, पडदा तसाच. टायवाला आला नाही बाहेर.

घराच्या दारात गाडी आणल्यावर थोरली म्हणाली, “थांब, असं नको. सगळ्यात लांब नावाने बघायचं.” मी म्हटलं, काकांना फोन करायला लाव. ती म्हणाली, काका नाही आता सगळ्यात लांब. खिडकीची काच खाली करून तिने वर गॅलरीकडे हाक मारली, “अहो, जरा फोन करा मला.”

जावई गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. “समोर तर आहेस.”

“करा.”

त्यांनी केला. गाडीत घंटी वाजली, पडद्यावर अक्षरं सरकायला लागली. आता ती मोठी असतात, मला चष्म्याशिवाय लागतात. मी वाचत गेले, मोठ्याने, कारण मला तसंच येतं.

“‘हे... घरी असतात... पेपर वाचत असतील तर... सगळं ऐकत असतात... यांच्या कागदावर सही करण्याआधी... शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे... चहा... स्वतः करून घेतील... काळजी करतात पण... सांगण्याची पद्धत नाही... गाडीबद्दल विचारलं तर... उत्तर न देता निघणे...’”

वर गॅलरीत ते फोन कानाला लावून उभे होते. काच उघडीच होती. त्यांना किती ऐकू गेलं देव जाणे, पण फोन त्यांनी ठेवला नाही, आणि तिने उचलला नाही.

नाव शेवटपर्यंत सरकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पडदा काळा झाला नाही. थोरलीने रिव्हर्स टाकला, मागचं फाटक दिसलं, रेघा आल्या, टूं-टूं वाजलं. ती वर न बघता गाडी मागे घेऊ लागली. वर बघायला तिला येतही नाही.